सोलापुरात फिश टँक ठेवताय? पीएचच्या मागे लागायच्या आधी केएच मोजा

टँक नवीन घेतला की दुकानात पहिली चर्चा पीएचची होते. पीएच वाढला म्हणून एक बाटली, कमी झाला म्हणून दुसरी बाटली, आणि महिनाभरात कपाटात चार-पाच बाटल्या जमतात पण आकडा काही जागेवर थांबत नाही. तो का थांबत नाही, आणि थांबवायचा कसा, एवढंच इथे सांगतोय. गोड्या पाण्याच्या टँकबद्दल आहे सगळं, म्हणजे गप्पी, मोली, गोल्डफिश, टेट्रा, असले मासे. हिशोबासाठी सगळीकडे दोन फुटी टँक धरलाय, २ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच. तो काठोकाठ भरला तर ७० लिटर बसतं, पण खडे, फिल्टर आणि वरची मोकळी जागा सोडली की खरं पाणी ६० लिटरच्या आसपास राहतं. तुमचा टँक मोठा असेल तर त्या प्रमाणात आकडे वाढवा.

१. पीएच म्हणजे काय आणि केएच म्हणजे काय

पीएच सांगतो की पाणी या घडीला किती आम्लधर्मी आहे किंवा किती अल्कधर्मी आहे. ७ म्हणजे मधोमध, खाली गेलं की आम्ल, वर गेलं की अल्क. या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहापट फरक, म्हणून ७ वरून ६ ला जाणं ही माशासाठी छोटी गोष्ट नाही.

केएच वेगळीच गोष्ट सांगतो. पाण्यात आम्ल पडलं तर ते पचवायची ताकद त्या पाण्यात किती शिल्लक आहे, हे केएच मोजतो. यालाच अल्कलिनिटी म्हणतात. ही ताकद येते मुख्यतः बायकार्बोनेटमुळे, जे पाणी खडक-मातीतून झिरपताना उचलून आणतं. टँकमधे आम्ल तयार झालं की बायकार्बोनेट ते धरतं आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत निघून जातो, पीएच जवळपास तिथंच राहतो. यालाच बफरिंग म्हणायचं. पण प्रत्येक वेळी थोडं बायकार्बोनेट खर्च होतं, आणि ते संपत आलं की मग पीएच हळूहळू नाही, धाडकन पडतो.

म्हणून आज पीएच ७.४ आला म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही. केएच ८ असलेल्या पाण्यातही ७.४ येऊ शकतो आणि केएच १ असलेल्या पाण्यातही. पहिलं पाणी दोन महिने तसंच राहील, दुसरं येत्या काही दिवसांत कोसळू शकतं, आणि पीएचचा आकडा बघून या दोघांतला फरक कधीच कळणार नाही.

केएचचं माप डिग्रीत असतं. १ डिग्री म्हणजे साधारण १८ पीपीएम, त्यामुळे एखाद्या पट्टीवर १८० लिहून आलं तर घाबरू नका, ते १० डिग्री आहे. खाली मी सगळीकडे डिग्रीच वापरलंय.

२. काय काय लागेल

- केएचची ड्रॉप टेस्ट. पट्ट्या स्वस्त असतात पण केएच ० आहे की २ हे त्यांच्यावर नीट दिसत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच बघायचंय.
- पीएचची लिक्विड टेस्ट
- अमोनिया आणि नायट्रेटची टेस्ट
- एक एअर पंप आणि एअर स्टोन
- २० लिटरची बादली, फक्त टँकसाठी ठेवलेली, साबण न लागलेली
- सुई काढलेली ५ एमएलची सिरिंज, मेडिकलमधे मिळते
- अँटी-क्लोरीन, म्हणजे हायपो
- खायचा सोडा, आणि ग्रॅम दाखवणारा छोटा काटा

पेनसारखा पीएच मीटर घ्यायचाच असेल तर कॅलिब्रेशनच्या पावडरी सोबत घ्या आणि अधूनमधून जुळवत राहा. आरओच्या पाण्यात हा मीटर बराच वेळ हलत राहतो, कारण त्या पाण्यात क्षारच इतके कमी असतात की रीडिंग स्थिर होत नाही. मीटर बिघडला म्हणून लगेच परत करायला जाऊ नका.

टीडीएस मीटर बऱ्याच घरांत असतो, आरओवाला माणूस देऊन जातो. तो केएच दाखवत नाही. मीठ टाकलं तरी टीडीएस वाढतो, पण केएच तसाच्या तसा राहतो.

३. घरात येणारं प्रत्येक पाणी वेगळं मोजा

सोलापुरात एकाच घरात तीन-चार प्रकारचं पाणी असतं हे आपल्याला नवीन नाही. उजनीचं कॉर्पोरेशनचं पाणी, जे काही दिवसांच्या गॅपने येतं आणि हौदात किंवा सिंटेक्सच्या टाकीत साठवलेलं असतं. बोअरचं पाणी, ज्याने नळाला पांढरे थर बसतात आणि डाळ शिजत नाही. किचनमधला आरओ. काही अपार्टमेंटमधे सॉफ्टनर. उन्हाळ्यात टँकर आला तर तो पाचवा, आणि तो पण कुठल्यातरी बोअरचाच असतो. या सगळ्यांचा केएच वेगळा असतो आणि "मी तर नळाचंच पाणी टाकतो" असं म्हणणाऱ्याच्या टाकीत खरं तर दोन पाणी मिसळलेली असतात, त्यामुळे आधी वॉचमनला किंवा घरच्यांना विचारा की कुठला व्हॉल्व्ह कुठे जातो.

प्रत्येकाचं एक ग्लास पाणी घ्या, बाहेर चिठ्ठी चिकटवा, आणि केएच, पीएच लिहून ठेवा. मग त्यातच एअर स्टोन सोडून २४ तास बुडबुडे चालू द्या आणि पीएच परत मोजा. बोअरच्या पाण्यात यात मोठा फरक दिसतो. आमच्या बोअरचं पाणी ताजं उपसलं की पीएच ७.२ येतो आणि दुसऱ्या दिवशी तेच पाणी ८.२ दाखवतं. पाण्यात कुणी काही टाकलेलं नसतं, जमिनीखाली त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो तो उडून गेला एवढंच. केएच मात्र दोन्ही वेळेला तोच, १५. तुमच्या पाण्याचा खरा पीएच हा दुसऱ्या दिवशीचा, टँकमधे गेल्यावर शेवटी तोच होणार आहे.

सॉफ्टनरबद्दल थोडं थांबून वाचा, कारण इथे खूप जण फसतात. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. साबणाला फेस येतो, नळावर थर बसत नाही, म्हणून आपण म्हणतो पाणी मऊ झालं. पण बायकार्बोनेट त्याने काढलेलंच नसतं, केएच पूर्वी १५ होता तो १५ च राहतो. वर माशांना लागणारं कॅल्शियमही गेलेलं असतं. टँकसाठी सॉफ्टनरच्या आधीचं पाणी घ्या.

आरओचं वेस्ट पाणी पण टँकमधे टाकू नका. झाडांना, फरशीला वापरा, पण त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार गोळा झालेले असतात.

४. केएच टेस्ट कशी करायची

बाटलीवर काय लिहिलंय ते आधी वाचा, पण बहुतेक किटमधे पद्धत एकच असते. सिरिंजने बरोबर ५ एमएल पाणी ट्यूबमधे घ्या. एक थेंब टाका, हलवा, पाणी निळं होईल. मग एकेक थेंब टाकत जा, प्रत्येक थेंबानंतर हलवा आणि मोजत राहा. ज्या थेंबाला निळं पाणी पिवळं होतं, तो थेंब मोजायचा. सात थेंबाला पिवळं झालं तर केएच ७. पहिल्याच थेंबाला पिवळं दिसलं, निळं झालंच नाही, तर केएच शून्य किंवा एकच्या आत आहे. अशा वेळी १० एमएल पाणी घेऊन परत करा, मग एक थेंब म्हणजे अर्धी डिग्री धरायची.

ही टेस्ट एकदा सावकाश करून बघा, कारण बफरिंग म्हणजे काय ते त्या ट्यूबमधे डोळ्यांनी दिसतं. तुम्ही टाकताय ते थेंब आम्लाचे आहेत. पहिला थेंब, निळं. दुसरा, निळं. पाचवा, सहावा, तरी निळंच, वाटतं काही होतच नाहीये. आणि मग एका थेंबात पूर्ण ट्यूब पिवळी. टँकमधे महिने-महिने हेच चालू असतं, फक्त तिथे थेंब टाकणारे मासे आणि बॅक्टेरिया असतात.

५. किती केएच पाहिजे

घरगुती मिश्र टँकला ४ ते ८ ठेवा, नवख्या माणसाला हे सगळ्यात सोपं पडतं. गप्पी, मोली, प्लॅटी, गोल्डफिश हे १० ते १५ मधेही मजेत राहतात, मोलीला तर जड पाणीच आवडतं. आफ्रिकन सिक्लिड पाळायचे असतील तर आपलं बोअरचं पाणी बऱ्याचदा जसंच्या तसं चालून जातं. डिस्कससारख्या मऊ पाण्याच्या माशांना केएच कमी लागतो पण कमी केएचवर टँक सांभाळायला रोजचं लक्ष लागतं, ते पहिल्या वर्षी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पीएच ७ ते ८ मधे कुठेही असला तरी चालतो, फक्त आज जिथे आहे तिथेच उद्या असला पाहिजे. दुकानातले मासे आपल्याकडच्याच पाण्यात काही आठवडे राहिलेले असतात, त्यांना पुस्तकातल्या ६.५ साठी ओढाताण केली तर त्रासच जास्त होतो.

तुमच्या कॉर्पोरेशनच्या पाण्याचा केएच ४ ते १० मधे आला तर पुढची मिसळामिसळी करायची गरजच नाही, क्लोरीन काढा आणि तेच वापरा.

६. बोअर आणि आरओ मिसळून पाणी बनवणं

बोअरचा केएच १५, आरओचा १. (घरचा आरओ बरेचदा शून्य देत नाही, टीडीएसच्या स्क्रूमधून थोडं मूळ पाणी मिसळतं.) आपल्याला ६ हवाय. २० लिटरच्या बादलीत ७ लिटर बोअर आणि १३ लिटर आरओ घ्या. ७ गुणिले १५ म्हणजे १०५, १३ गुणिले १ म्हणजे १३, बेरीज ११८, भागिले २०, आलं ५.९. झालं. तुमचे आकडे वेगळे असतील, गणित हेच. बादलीवर मार्करने ७ लिटरची रेघ मारून ठेवली की घरातलं कुणीही भरू शकतं.

मिसळल्यावर रात्रभर एअर स्टोन चालू ठेवा. सकाळी एकदा केएच मोजून खात्री करा, मग टँकमधे घाला. हे करण्यात फायदा असा की बोअरसोबत कॅल्शियम-मॅग्नेशियम पण येतं, बाहेरून वेगळं काही विकत आणावं लागत नाही. आपल्या भागातलं जड पाणी नळाचं नुकसान करतं हे खरं, पण टँकसाठी ते फुकटचं बफर आहे.

बोअर नसेल, फक्त आरओच असेल, तर खायचा सोडा वापरा. १०० लिटरला ३ ग्रॅम टाकला की केएच १ डिग्रीने वाढतो, म्हणजे २० लिटरच्या बादलीला ४ डिग्री वाढवायला २.४ ग्रॅम. काट्यावर मोजून मगभर पाण्यात विरघळवून बादलीत ओता, कोरडी पावडर माशांवर टाकायची नाही. दोन गोष्टी सांभाळा. बेकिंग पावडर नको, त्यात स्टार्च आणि आम्ल मिसळलेलं असतं. धुण्याचा सोडा तर अजिबात नको, तो कार्बोनेट आहे, पीएच थेट वर उडवतो. आणि खायच्या सोड्याने फक्त केएच वाढतो, कॅल्शियम मिळत नाही, त्यामुळे फिल्टरमधे जाळीच्या पिशवीत मूठभर शिंपल्यांचा चुरा किंवा संगमरवराचे तुकडे ठेवा. पाणी आम्ल व्हायला लागलं की ते आपोआप विरघळायला लागतात आणि पीएच वर गेला की थांबतात. दगड नक्की संगमरवर आहे का ते बघायला त्याच्यावर लिंबाचा रस पिळा, बारीक बुडबुडे आले तर कामाचा. काळ्या पाषाणावर असं काही होणार नाही.

७. टँकमधला केएच जातो कुठे

मासे अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या कामात आम्ल तयार होतं आणि ते केएच खातं. हिशोब असा की टँकमधे नायट्रेट २० पीपीएमने वाढलं की केएच साधारण १ डिग्रीने घटतो. हा आकडा लिहून ठेवा, तो फार उपयोगाचा आहे, कारण यावरून तुमचा टँक आठवड्याला किती केएच खातो ते काढता येतं.

समजा दोन फुटी टँकमधे मध्यम गर्दी आहे आणि नायट्रेट आठवड्याला १० ने वाढतं. म्हणजे केएच आठवड्याला अर्ध्याला थोडा कमी घटणार. दर रविवारी १५ लिटर, म्हणजे चौथा भाग, ६ केएचच्या पाण्याने बदलला तर काही आठवड्यांनी टँक ४.२ ते ४.७ मधे खेळत राहतो. लक्षात घ्या, ६ चं पाणी टाकूनही टँक ६ वर राहत नाही, तो नेहमी नव्या पाण्यापेक्षा खालीच बसतो. म्हणून मिसळताना थोडं वरचं लक्ष्य धरायचं.

आता तेच दर रविवारी शुद्ध आरओने करा, केएच १ च्या. नव्या पाण्यातून आठवड्याला टँकला मिळतो पाव डिग्री, आणि खर्च होतो जवळपास अर्धा. हा टँक कधीतरी शून्यावर येणारच, कितीही नियमित पाणी बदला. "मी दर आठवड्याला पाणी बदलतो तरी पीएच का पडतो" याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

आणि पाणी बदलणं बंदच केलं, लग्नसराईत किंवा सुट्टीत दोन महिने गेले, तर ४.५ वरचा टँक १ च्या खाली येतो. तिथून पुढे पीएच कोसळायला वेळ लागत नाही.

८. केएच शून्यावर गेलेला टँक परत वर कसा आणायचा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे कारण मासे पीएच पडल्यामुळे जितके मरत नाहीत तितके तो घाईने वर आणताना मरतात.

जुळे सोलापुरात माझ्या मावसभावाचा असाच दोन फुटी टँक आहे. त्याने सुरुवातीपासून फक्त आरओ वापरलेलं, पाणी बदलणं कमी आणि उडालेलं तेवढं आरओने भरणं जास्त. मासे सुस्त झाले, नव्याने आणलेले दोन-तीन दिवसांत मेले, जुने मात्र तग धरून होते. मला म्हणाला, "काय बे, पाणी तर काचेसारखं आहे, मासेच खराब देतोय तो." मी किट घेऊन गेलो. केएच पहिल्या थेंबाला पिवळा, म्हणजे काहीच शिल्लक नाही. पीएचचा रंग चार्टवरच्या शेवटच्या खान्यात, ६ किंवा त्याच्याही खाली. आणि अमोनिया २ पीपीएम. पाणी स्वच्छ दिसत होतं, वास नव्हता.

अमोनिया का साचला? पीएच ६ च्या आसपास गेला की फिल्टरमधल्या बॅक्टेरियांचं काम जवळपास थांबतं. अमोनिया तयार होत राहतो पण खाणारं कुणी नसतं. मग इतक्या अमोनियात जुने मासे जिवंत कसे? कारण आम्ल पाण्यात अमोनिया हा अमोनियमच्या रूपात असतो, तो फारसा विषारी नाही. टेस्ट किट दोन्हींची बेरीज दाखवतं. पीएच ६ ला त्यातला विषारी भाग हजारात एकापेक्षाही कमी असतो. तेच पाणी पीएच ८ वर नेलं, आणि आपल्याकडे पाणी सहज ३० डिग्री असतं, तर शंभरात सात-आठ भाग विषारी होतो. म्हणजे अमोनिया तेवढाच, विष जवळपास ९० पट. २ पीपीएमवर हे माशांना मारायला पुरेसं आहे.

भावाच्या मनात होतं अर्धा टँक रिकामा करून बोअरचं पाणी भरायचं. सगळे हेच करतात, आणि संध्याकाळपर्यंत मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात, गिल लाल होतात, मग दोष बोअरला जातो. नवे मासे मरत होते त्याचं कारणही यातच होतं, दुकानातल्या साडेसात-आठ पीएचमधून थेट ६ मधे सोडले तर नवा मासा कसा टिकेल.

आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो.

आधी खाणं बंद. निरोगी मोठे मासे आठवडाभर उपाशी आरामात राहतात, आणि खाणं नाही म्हणजे नवा अमोनिया कमी. एअर पंप दिवसरात्र चालू.

मग रोज १५ लिटर पाणी काढून तेवढंच आरओ, हळूहळू. हो, आरओच. आधी अमोनिया काढायचा, पीएच नंतर. रोज चौथा भाग बदलला की २ चा दीड, दीडचा १.१, मग ०.८५, ०.६, आणि पाचव्या दिवशी अर्ध्या पीपीएमच्या आसपास. प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ लागतो कारण मासे काही ना काही सोडतच राहतात, त्यामुळे रोज टेस्ट करा आणि आकडा बघूनच पुढची पायरी घ्या. त्याच्या आरओमधे केएच १ होता, म्हणून या काळात टँकचा केएचही शून्यावरून पाऊण डिग्रीपर्यंत आला आणि पीएच सावकाश ७ च्या जवळ सरकला. अमोनिया अर्ध्या पीपीएमवर आलेला असताना ७ च्या आत पीएच असेल तर धोका नाही. तुमचा आरओ अगदी शून्य केएच देत असेल तर २० लिटरला अर्धा ग्रॅम खायचा सोडा घाला, तेवढं पुरतं.

अमोनिया अर्ध्या पीपीएमखाली गेला की मिसळलेलं पाणी सुरू करायचं, ६ केएचचं. एक दिवसाआड १० लिटर. एका वेळेला टँकचा केएच एका डिग्रीपेक्षा कमीच वाढतो, आणि तेच पाहिजे. खाणं आता दिवसातून एकदा, चिमूटभर. केएच वाढला की बॅक्टेरिया परत कामाला लागतात, पण त्यांना काही दिवस ते आठवडे लागतात, त्यामुळे अमोनियाची टेस्ट चालू ठेवा. केएच ४ झाला आणि अमोनिया सलग काही दिवस शून्य आला की आठवड्याला एकदा पाणी बदलण्यावर या.

या सगळ्या काळात फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही. धुवायचाच असेल तर टँकमधून काढलेल्या पाण्यात दाबून घ्या.

९. पीएच डाउनची बाटली

उलटा प्रॉब्लेम, बोअरच्या पाण्यामुळे पीएच ८.२ आहे आणि कमी करायचाय. बाटलीत आम्ल असतं. ते टाकलं की बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो, त्यामुळे तासाभरात पीएच ७ दिसतो आणि आपण खूश. पण तो वायू रात्रभरात उडतो आणि सकाळी पीएच परत ८ च्या जवळ. परत बाटली. प्रत्येक डोसला केएच थोडा खाली येतो, आणि असं करता करता एक डोस असा येतो की पचवायला काही उरलेलं नसतं, त्या दिवशी पीएच ५ ला जाऊ शकतो. मासे रोज वर-खाली सोसत होते ते वेगळंच.

जड पाण्याचा पीएच कमी करायचा सरळ मार्ग म्हणजे केएच कमी करणं, म्हणजे आरओ मिसळणं. केएच १५ च्या पाण्याला हवेशीर टँकमधे ८.२ हा त्याचा नैसर्गिक पीएच आहे, ४ च्या पाण्याला तो साडेसातच्या थोडा वर असतो. केएच ठरला की पीएच स्वतःच तिथे जाऊन बसतो. बदामाची वाळलेली पानं टाकायचा सल्ला मिळेल, ती वाईट नाहीत, पण १५ केएचच्या पाण्यात पीएचला त्यांनी काही फरक पडत नाही, फक्त पाणी चहाच्या रंगाचं होतं.

१०. एप्रिल-मेमधे वरचं पाणी भरताना

आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो, वर पंखा चालू, त्यात दोन फुटी उघड्या टँकमधून रोज लिटर-दीड लिटर पाणी उडतं. उडतं ते फक्त पाणी, क्षार सगळे मागे राहतात. ते रोज बोअरने भरलं तर महिनाभरात टँकमधे एवढं बायकार्बोनेट येऊन पडतं की केएच कागदावर जवळपास १० डिग्रीने वाढतो. काही भाग काचेवर पांढरी रेघ बनून बसतो, हीटरवर, फिल्टरच्या तोंडावर थर दिसतात, बाकीचा पाण्यात. मासे हळूहळू बदललेल्या पाण्याला सरावतात, पण मग जून महिन्यात कुणीतरी एकदम मोठं पाणी बदलतं आणि तेव्हा झटका बसतो.

म्हणून नियम सोपा ठेवा. उडालेलं पाणी भरायला आरओ, बदललेलं पाणी भरायला मिसळलेलं. पाणी संपलेलं असताना, टँकरच्या दिवसांत, कुठलं पाणी कशासाठी हे घरच्यांना सांगून ठेवा, आरओच्या दोन बाटल्या टँकशेजारी भरून ठेवल्या तरी काम भागतं. टँकवर काच किंवा अॅक्रिलिकचं झाकण टाकलं तर उडणारं पाणी बरंच कमी होतं, फक्त हवा जायला फट ठेवा.

टँकर नवा आला की त्याचा केएच परत मोजा, मागच्या टँकरचा आकडा चालणार नाही, कारण तो दुसऱ्या बोअरवरून भरलेला असू शकतो. बाकी दिवसांत टँकचा केएच दर रविवारी पाणी बदलायच्या आधी मोजा, नंतर नाही, कारण आठवड्यातला सगळ्यात खालचा आकडा तोच असतो. तो ३ च्या खाली आला तर पुढच्या बादलीत बोअरचं पाणी एक-दोन लिटर वाढवा.